कागदावरचे तीन रकाने : इटालियन लोक ‘गोरे’ कसे झाले

आजचा भाग मी एका कागदापासून सुरू करणार आहे.

मी न्यू जर्सीत राहतो. शेजारच्या घरात एक इटालियन वंशाचे आजोबा राहतात, वय ऐंशीच्या पुढे. टोमॅटोची रोपं आणि तुळशीची चुलत बहीण शोभेल असा तो त्यांचा बेझिल यांवरून आमची ओळख झाली. गेल्या हिवाळ्यात माळा आवरताना त्यांना वडिलांचा एक जुना कागद सापडला. अमेरिकेचं नागरिकत्व हवं आहे, असा १९३१ सालचा अर्ज. तो त्यांनी मला हौसेने दाखवला. त्यावर अर्जदाराचं वर्णन होतं. रंग : गोरा. कांती : सावळी. वंश : दक्षिण इटालियन.

मी ते तीन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. माणूस एकच, कागद एकच, सरकार एकच. आणि ते सरकार एका ओळीत म्हणतंय की हा गोरा आहे, दुसऱ्या ओळीत म्हणतंय की हा दिसायला सावळा आहे, आणि तिसऱ्या ओळीत म्हणतंय की याचा वंश वेगळाच आहे. आज त्या आजोबांना कुणी विचारलं, तर ते एकच शब्द सांगतील : ‘व्हाइट’. बाकीचे दोन रकाने गेले कुठे? आजचा सगळा भाग या प्रश्नाबद्दल आहे.

आधी पहिला रकाना घेऊ. हा सगळ्यात जुना. अमेरिकेच्या संसदेने १७९० मध्ये नागरिकत्वाचा पहिला कायदा केला आणि त्यात अट घातली की परदेशातून आलेल्या माणसाला नागरिक व्हायचं असेल, तर तो ‘स्वतंत्र गोरा’ असला पाहिजे. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही हा हक्क मिळाला. पण ‘गोरा’ हा शब्द कायद्यात १९५२ पर्यंत राहिला. त्यामुळे बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येकासाठी कायद्याचा पहिला प्रश्न हाच होता : तू गोरा आहेस की नाहीस?

इटालियन माणसाला या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवसापासून ‘होय’ असं मिळालं. हे नीट लक्षात ठेवा, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. ‘आयरिश, इटालियन, ज्यू हे आधी गोरे नव्हते, मग झाले’ असं वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. टॉमस गुल्येल्मो या इतिहासकाराने शिकागोच्या इटालियन लोकांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘व्हाइट ऑन अरायव्हल’, म्हणजे आले तेव्हाच गोरे. त्यांना नागरिकत्व मिळत होतं, मत देता येत होतं, जमीन घेता येत होती. चिनी माणसाला यातलं नागरिकत्व कधीच मिळत नव्हतं.

मग छळ झाला नाही का? झाला. तो तिसऱ्या रकान्यामुळे झाला.

१८९९ पासून अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने येणाऱ्यांची ‘वंश किंवा लोक’ या नावाने एक यादी ठेवायला सुरुवात केली. नुसता देश लिहून भागत नव्हतं. इटलीचे तर दोन वंश केले : उत्तर इटालियन आणि दक्षिण इटालियन. पो नदीच्या खोऱ्यातले ते उत्तरेचे, उरलेले सगळे दक्षिणेचे. गंमत अशी की या हिशोबाने जिनोआचा माणूससुद्धा दक्षिण इटालियन ठरत होता. म्हणजे ज्या कोलंबसाच्या नावाने हा देश सुट्टी घेतो, तोच बोटीतून उतरला असता तर खालच्या रकान्यात गेला असता!

१९०७ मध्ये संसदेने स्थलांतराची चौकशी करायला एक आयोग नेमला, डिलिंगहॅम आयोग. त्याने १९११ पर्यंत एकेचाळीस खंड छापले. त्यातला एक खंड म्हणजे वंशांचा चक्क शब्दकोश. त्यात दक्षिण इटालियन माणूस तापट, आवेगी, शिस्तीत न बसणारा असं वर्णन आहे आणि उत्तरेचा शांत, विचारी. हा सरकारी कागद होता, कुणा माथेफिरूचं पत्रक नव्हतं.

पण कागदाच्या आधी रस्त्यावर काय चाललं होतं ते सांगतो. न्यू ऑर्लिन्स शहरात ऑक्टोबर १८९० मध्ये पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते वारले. संशय सिसिलीहून आलेल्या लोकांवर गेला. खटला नऊ जणांवर चालला. ज्युरीने त्यातल्या कुणालाही दोषी ठरवलं नाही. सहा जण निर्दोष सुटले, तिघांबद्दल एकमत झालं नाही. दुसऱ्या दिवशी, १४ मार्च १८९१ ला, हजारोंचा जमाव तुरुंगावर चालून गेला आणि त्याने अकरा जणांना मारलं. त्या अकरांत असेही होते ज्यांच्यावर अजून खटला उभाच राहिला नव्हता. जमावाचं नेतृत्व शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींनी केलं आणि शिक्षा कुणालाही झाली नाही. इटलीने आपला राजदूत परत बोलावला, तेव्हा अमेरिकेने सुमारे २५ हजार डॉलर भरपाई देऊन प्रकरण मिटवलं.

आता या भरपाईकडे जरा थांबून बघा. त्याच काळात दक्षिणेत काळ्या माणसांना असंच मारलं जात होतं, कितीतरी जास्त संख्येने. त्यांच्यासाठी कुठला राजदूत परत गेला? कुणी पैसे भरले? इटालियन माणूस खालच्या पायरीवर होता, पण त्याच्या पाठीशी एक देश होता, आणि त्याच्या पायाखाली अजून एक पायरी होती.

ही मधली पायरी किती डळमळीत होती, याचा एक खटला आहे. १९२२, अलाबामा. जिम रोलिन्स नावाच्या काळ्या माणसाला शिक्षा झाली, कारण त्याचा एका गोऱ्या बाईशी संबंध होता. त्या राज्यात तो गुन्हा होता. ती बाई सिसिलीची होती. वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली. का? तर ती सिसिलीची आहे एवढ्यावरून ती गोरीच आहे असं सिद्ध होत नाही म्हणून. कोर्टाने ती गोरी नाही असंही म्हटलं नाही. म्हटलं एवढंच की पुरावा अपुरा आहे. इंग्लिश वंशाच्या बाईबद्दल असा पुरावा मागायचं कोर्टाच्या डोक्यातही आलं नसतं. ज्याला पुरावा द्यावा लागतो तो काठावर असतो, हे ओळखायची ही सोपी खूण.

तिसऱ्या रकान्याचा सगळ्यात मोठा फटका १९२४ मध्ये बसला. १९०७ या एका वर्षात इटलीतून २ लाख ८५ हजारांहून जास्त लोक अमेरिकेत आले होते. १९२१ मध्ये कोटा लागला आणि इटलीचा आकडा सुमारे ४२ हजारांवर आला. मग १९२४ चा कायदा आला. त्याने सांगितलं की १८९० च्या जनगणनेत त्या देशाचे जितके लोक इथे होते, त्यांच्या दोन टक्केच दरवर्षी घ्यायचे. १८९० का? कारण तोपर्यंत इटालियन, पोलिश, रशियन ज्यू मोठ्या संख्येने आले नव्हते. वर्ष मुद्दाम मागचं निवडलं होतं. इटलीच्या वाट्याला वर्षाला ३,८४५ जागा आल्या. पावणेतीन लाखांवरून पावणेचार हजारांवर!

आता याच्या एक वर्ष आधी काय झालं ते ऐका, कारण इथे आपण येतो.

१९२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल दिला. थिंड पंजाबी शीख. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. ऑरेगनच्या कोर्टाने त्यांना नागरिकत्व दिलं होतं, सरकारने त्याविरुद्ध दाद मागितली. त्यांच्या वकिलांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले होते. त्याही आधी, मुंबईचे कापसाचे पारशी व्यापारी भिकाजी बालसारा यांना न्यूयॉर्कच्या कोर्टाने ‘गोरे’ मानलं होतं आणि १९१० मध्ये वरच्या कोर्टाने ते कायम ठेवलं होतं. म्हणजे दार थोडं उघडं होतं.

थिंड यांच्या बाजूचा युक्तिवाद काय होता? मानववंशशास्त्राची पुस्तकं उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतात, भाषा आर्य आहे, म्हणून आम्ही गोरे. आणि पुढे त्यात असंही होतं की उच्च जातीचा हिंदू माणूस लग्नाच्या बाबतीत इथल्या आदिवासींकडे तसंच बघतो, जसं अमेरिकन माणूस काळ्यांकडे बघतो. मंडळी, हे वाचताना मला लाज वाटली. आपण कुणाला तरी खाली ढकलतो, हा आपल्या गोरेपणाचा पुरावा म्हणून कोर्टात ठेवला गेला. माणूस दाराशी उभा असतो तेव्हा काय बोलतो, ते त्या दारावर कसली पाटी आहे यावर ठरतं.

न्यायमूर्ती सदरलँड यांनी हा युक्तिवाद फेटाळला. तीनच महिन्यांपूर्वी, जपानी वंशाच्या ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात याच न्यायमूर्तींनी म्हटलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि जपानी कॉकेशियन नाहीत. आता समोर कॉकेशियन उभा राहिला, तेव्हा ते म्हणाले की शास्त्र बाजूला ठेवा, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा.

पण त्या निकालातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. सदरलँड लिहितात की दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले, सावळ्या कांतीचे, काळ्याभोर डोळ्यांचे लोकसुद्धा इथल्या लोकांचे नातलगच मानले गेले आणि सहज मिसळले. इटालियन आईबापांची मुलं बघता बघता सगळ्यांत विरघळून जातात. हिंदू आईबापांची मुलं मात्र ओळखू येत राहतील. बघा हं, त्याच वेळी संसद त्याच इटालियन लोकांना वेगळा, खालचा वंश म्हणून दार लावायच्या तयारीत होती. पण भारतीयाला बाहेर ठेवायचं ठरलं, तेव्हा रेघ कुठेतरी ओढायला हवी होती, आणि ती ओढताना इटालियन माणूस आपोआप रेघेच्या आत गेला. त्याने काही केलं नाही. त्याच्या मागे उभ्या असलेल्याला अडवलं गेलं, एवढंच.

त्या निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोचे वैष्णोदास बगई यांचं गेलं. त्यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. पंडित मात्र स्वतःचा खटला लढले आणि १९२६ मध्ये जिंकले. एकदा कोर्टाने दिलेला निकाल सरकारला असा मागाहून उकरता येत नाही, या मुद्द्यावर.

बरं, मग आमच्या शेजाऱ्यांच्या कागदावरचा तिसरा रकाना नाहीसा कसा झाला?

पहिलं कारण खुद्द १९२४ चा कायदा. नवे लोक येणं थांबलं. सिसिलीहून कालच आलेला, खेडवळ कपड्यांतला माणूस गल्लीत दिसेनासा झाला. उरली ती इथे जन्मलेली, इथल्या शाळेत शिकलेली मुलं. दुसरं कारण युद्ध. इटली शत्रू झाला तेव्हा नागरिक न झालेल्या सुमारे सहा लाख इटालियनांना ‘शत्रू परदेशी’ म्हणून नोंद करावी लागली. पण हा शिक्का ऑक्टोबर १९४२ मध्ये, नेमका कोलंबस दिनी, काढून टाकला. जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना, ज्यातले बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक होते, छावण्यांत कोंडलं गेलं. इटालियन मुलं सैन्यात गोऱ्यांच्या तुकड्यांत लढली, काळी मुलं वेगळ्या तुकड्यांत.

तिसरं कारण घरं. आणि माझ्या मते हेच मुख्य. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे केले, वस्त्यांना प्रतवारी देऊन रंग दिले. हिरवी वस्ती उत्तम, लाल वस्ती धोक्याची. प्रत्येक वस्तीच्या फॉर्मवर लोकवस्तीचे वेगळे रकाने होते : परदेशी जन्मलेले किती टक्के आणि कुठले, आणि ‘निग्रो’ आहेत का, असतील तर किती. इटालियन वस्त्यांची प्रत खाली जायची. पण यातला फरक बघा. परदेशी जन्मलेल्यांचा आकडा दरवर्षी कमी होणार होता, कारण मुलं इथेच जन्मत होती. दुसऱ्या रकान्यातून बाहेर पडायला मात्र कुठलीही वाट नव्हती.

युद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर स्वस्त गृहकर्ज मिळालं. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाची वसाहत १९४७ पासून उभी राहिली, हजारो सारखी घरं. तिच्या सुरुवातीच्या करारात अट होती की इथे कॉकेशियन वंशाशिवाय दुसऱ्या कुणी राहायचं नाही. शब्द नीट ऐका : कॉकेशियन. ‘उत्तर इटालियन’, ‘दक्षिण इटालियन’, ‘हिब्रू’ असं काहीच नाही. एकच मोठी पेटी. ब्रुकलिनच्या चाळवजा इमारतीतून निघालेलं इटालियन कुटुंब, पोलिश कुटुंब, ज्यू कुटुंब एकाच रस्त्यावर आलं आणि तिथे ते सगळे मिळून एक झाले. मुलं एका शाळेत, पुढे लग्नंही एकमेकांत. दुसरीकडे, मिसिसिपीतल्या तेरा शहरांची १९४७ मध्ये पाहणी झाली, तेव्हा सैनिकांसाठीच्या ३,२२९ हमी कर्जांपैकी काळ्या सैनिकांना मिळालेली होती फक्त दोन. आणि १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटटाउनमध्ये मायर्स हे पहिलं काळं कुटुंब राहायला आलं, तेव्हा घरासमोर जमाव जमला आणि दगड पडले.

आमच्या शेजाऱ्यांचे वडील अशाच कर्जावर न्यू जर्सीत घर घेऊन आले. ते घर त्यांनी कष्टाने फेडलं, यात मला जराही शंका नाही. पण कागद दाखवताना आजोबा मला म्हणाले, “माझे वडील हातात काही नसताना आले आणि वर आले. मग बाकीच्यांना काय अडचण आहे?” मी त्या वेळी काही बोललो नाही. वयाने मोठे, शेजारी, हातात कॉफी. पण खरं सांगायचं तर हेच वाक्य मी आपल्या मंडळाच्या गणपतीतही ऐकलंय, मराठीत. तेव्हाही मी गप्पच होतो. म्हणून हा भाग.

तर या सगळ्यातून मला जे दिसतं ते दोन गोष्टींत सांगतो. पहिली, वंश म्हणून जे छापलं गेलं होतं, शब्दकोशात आणि सरकारी शिक्क्यासह, ते दोन पिढ्यांत पुसलं गेलं. दक्षिण इटालियन माणसाचं नाक बदललं नाही, कांती बदलली नाही. बदलला तो रकाना. मग तो वंश होता कधी?

दुसरी गोष्ट अवघड आहे. रेघ पुसली गेली नाही, सरकली. आत येणाऱ्यांची संख्या वाढली, पण आत आणि बाहेर हा हिशोब तसाच राहिला. उलट बाहेर कोण, हे जास्त ठळक झालं. म्हणून ‘ते मिसळले, तसे हेही मिसळतील’ असं म्हणणाऱ्याला मी विचारतो की कागदावरच्या कुठल्या रकान्याबद्दल तुम्ही बोलताय? इटालियन माणसाला पहिल्या रकान्यात कधीच अडवलं नव्हतं. त्याला तिसऱ्यातून पहिल्यात जायचं होतं. ज्याला पहिल्याच ओळीत नकार मिळाला, त्याच्यासमोर ही वाटच नव्हती.

आणि आपलं काय? १९२० ते १९४० च्या जनगणनांत भारतीयांसाठी ‘हिंदू’ हा चक्क वंश होता; शीख आणि मुसलमानही त्यातच. नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला, तोही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यासह. पुढे १९७० च्या जनगणनेत आपल्याला न मागता ‘गोरे’ म्हणून मोजलं गेलं! थिंड यांनी जे मागितलं ते सत्तेचाळीस वर्षांनी आयतं मिळालं. आणि तेव्हा इथल्या भारतीय संघटनेने उलट मागणी केली की आम्हाला वेगळं मोजा, कारण भेदभावाविरुद्ध संरक्षण मिळायचं तर मोजलं जायला हवं. १९८० पासून ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला. पन्नास-साठ वर्षांत एकाच समाजाने आत घ्या म्हणूनही अर्ज केला आणि बाहेर काढा म्हणूनही.

परवा मी आजोबांकडे गेलो, तो कागद पुन्हा मागितला आणि थिंड यांचा निकालही छापून नेला. ‘इटालियन’ शब्द असलेल्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, “म्हणजे हे तुमच्याबद्दल आहे, आणि आमचं नाव यात कशाला?” मी म्हटलं, “तेच तर सांगायला आलोय.” मग आम्ही तासभर बोललो. त्यांना सगळं पटलं असं नाही. पण तो कागद आता माळ्यावर नाही, दिवाणखान्यात आहे, तीनही रकाने दिसतील असा.

तुमच्या घरात असे जुने कागद असतील, आजोबांचा पासपोर्ट, नोकरीचा अर्ज, शाळेचा दाखला, तर त्यावर तुमच्या माणसाला कुठल्या रकान्यात बसवलं होतं ते एकदा बघा, आणि मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.